रिपोर्ट नॉर्मल आला, मग?

डॉक्टर आणि पेशंट यांच्यातला एक जुना वाद अलीकडे पुन्हा जोरात चालू आहे आणि दोन्ही बाजू तो वाकडाच मांडताहेत. डॉक्टरांचं म्हणणं असं की लोक इंटरनेटवर वाचून नसलेले आजार घेऊन येतात, सेल्फी बघून नसलेली व्यंगं घेऊन येतात आणि खऱ्या आजारी माणसांचा वेळ खातात. पेशंटचं म्हणणं असं की डॉक्टरांना निदान जमलं नाही की 'मानसिक आहे' म्हणून ते हात झटकतात. मी जनरल प्रॅक्टिस करते. दुसरं वाक्य मी ऐकून घेतलेलं आहे आणि पहिलं, खरं सांगायचं तर, बोललेलंही आहे. या भांडणात दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात: शरीरात काही सापडलं नाही की उरतं ते मन. माझा आक्षेप नेमका यालाच आहे. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे आपल्या रूपात काहीतरी भयंकर बिघडलंय या विचाराने ग्रासलं जाणं, आणि हेल्थ अँक्झायटी, म्हणजे गंभीर आजाराची न सुटणारी धास्ती, हे दोन्ही आजार तपासणीत काय सापडलं नाही यावरून ओळखायचेच नसतात. माणूस त्या विचारापायी दिवसभर काय करतो, यावरून ते ओळखायचे असतात. ओळखण्याची ही रीत बदलली की पुढे पाठवतानाची आपली भाषा आपोआप बदलते.

एक उदाहरण घेते, ओळख पटेल असे तपशील बदलून. तेवीस वर्षांचा मुलगा, तीन महिन्यांत चौथ्यांदा आला होता. पहिल्यांदा नाकावरच्या 'खड्ड्यांसाठी' मलम हवं होतं, दुसऱ्यांदा ते मलम बदलून हवं होतं, तिसऱ्यांदा स्किनच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी. आता प्लास्टिक सर्जनसाठी चिठ्ठी हवी होती. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. खुर्ची त्याने स्वतःच सरकवून घेतली, खिडकी पाठीमागे राहील अशी. बोलताना उजवा हात सारखा नाकाकडे जात होता. मोबाइलमध्ये त्याच्याच नाकाचे फोटो होते, तारखेनुसार लावलेले, इतके मोठे करून काढलेले की कुणाचीही कातडी तशी खड्ड्याखड्ड्यांचीच दिसावी. मला त्या नाकावर पाहण्यासारखं काही दिसलं नाही. आधीच्या तिन्ही भेटींत मी तेच सांगितलं होतं: "अरे, काही नाहीये. छान आहे नाक." तीनदा सांगून तो तीनदा परत आला होता, आणि एवढ्यावरूनच मला सुचायला हवं होतं.

चौथ्या वेळी नाक बाजूला ठेवून मी विचारलं, "दिवसातला किती वेळ जातो रे या विचारात?" तो जरा थांबला. हा प्रश्न त्याला आधी कुणी विचारला नव्हता. "पाच तास. सुट्टीच्या दिवशी जास्त." मग दुसरा प्रश्न, "यापायी काय काय बंद झालंय?" क्लासला जाणं बंद होतं. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद. दिवसा बाहेर पडणं जवळजवळ बंद, कारण रस्त्यावरची माणसं नाकाकडेच बघतात अशी त्याची खात्री होती. आरशासमोर चाळीस-चाळीस मिनिटं जायची आणि मधेच आठवडाभर आरसा टॉवेलने झाकून ठेवला जायचा. मैत्रिणीला दिवसातून दहा वेळा विचारायचा, "खरं सांग, दिसतं ना?" ती कंटाळून निघून गेली होती. तिसरा प्रश्न विचारायला डॉक्टर कचरतात, पण तो टाळायचा नसतो: "या सगळ्याला कंटाळून जगणंच नको, असं कधी मनात येतं का?" तो म्हणाला, येतं. या आजारात उपचारासाठी आलेल्यांपैकी साधारण चारांतल्या एकाने कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. म्हणून मी तिथेच थांबून पुढचंही विचारलं: कसं करायचं ते ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, घरी कोणाला माहीत आहे का. ठरवलेलं काही नव्हतं. तसं असतं तर पुढची सगळी गोष्ट वेगळी झाली असती, चिठ्ठीबिठ्ठी बाजूला ठेवून त्याच दिवशी सोबत माणूस देऊन त्याला पाठवावं लागलं असतं.

या सगळ्याला चार-पाच मिनिटं लागली. निदान त्यातच झालं. दिसण्याबद्दलची चिंता सगळ्यांनाच असते, पण दिवसाचा तासाभरापेक्षा जास्त वेळ खाणारी, पुन्हा पुन्हा तपासायला किंवा लपवायला लावणारी आणि माणसाचं शिक्षण, काम, नाती मोडणारी चिंता हा आजार असतो. तो विचार फक्त वजनाचा आणि जाडीचा असेल तर खाण्याशी निगडित आजाराचा विचार आधी करायचा. बाकी नाक, कातडी, केस, दात, किंवा तरुण मुलांमध्ये 'माझी बॉडीच बनत नाही' हा ध्यास, काहीही असू शकतं. बहुतेकांत सुरुवात अठरा वर्षांच्या आत होते, म्हणजे घरचे ज्याला 'वयात येतानाचं वेड' म्हणतात नेमक्या त्या काळात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. रोजच्या आयुष्यातल्या साध्या असमाधानाला आजाराचं नाव देणं ही आमच्या धंद्याची खोड आहेच. फिल्टर लावलेल्या चेहऱ्यांच्या या काळात कोण आपल्या चेहऱ्यावर खूश आहे? मग सगळेच रोगी का? पण हा आजार सेल्फीने जन्माला घातलेला नाही. एन्रिको मोर्सेली या इटालियन मानसोपचारतज्ज्ञाने १८९१मध्ये त्याचं वर्णन करून त्याला 'डिस्मॉर्फोफोबिया' असं नाव दिलं, तेव्हा कॅमेरा चैनीची वस्तू होता. फ्रॉइडचा 'वुल्फ मॅन' म्हणून प्रसिद्ध असलेला पेशंट, सर्गेई पान्केयेव, १९२६मध्ये रूथ मॅक ब्रुन्सविक या मनोविश्लेषक बाईंकडे आला तो नाक घेऊनच. नाकावर कुठल्याशा उपचाराने खड्डा पडलाय, आता आयुष्य संपलं, असं त्याला वाटत होतं. खिशातला छोटा आरसा काढून तो सतत बघत असे, पावडर लावत असे, पुसत असे आणि एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरत असे. त्याच्या हातात मोबाइल देऊन तारखेनुसार फोटो काढायला लावा, की झाला माझा पेशंट. काळाने साधनं बदलली, कदाचित ओझंही वाढवलं. आजार मात्र जुनाच आहे आणि साधारण शंभरांत दोघांना असतो. त्वचारोग आणि कॉस्मेटिक सर्जरीच्या दवाखान्यांत हे प्रमाण बरंच जास्त निघतं, कारण हे पेशंट जातात तिथेच. मानसोपचारतज्ज्ञाकडे ते कशाला जातील? त्यांच्या लेखी बिघाड नाकात आहे.

म्हणूनच 'मागतोय तर करू द्या सर्जरी, समाधान होईल' हा सल्ला दयाळू वाटला तरी चुकीचा आहे. या आजारात कॉस्मेटिक उपचारांनंतर बहुतेकांचा ध्यास कमी होत नाही. काहींचा वाढतो, काहींचा नाकावरून हनुवटीवर सरकतो, आणि मग ज्याने सर्जरी केली त्याच्यावर राग धरला जातो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते इथे शब्दशः खरं होतं.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. 'मनाचं आहे' असं म्हणून वैद्यकशास्त्राने माणसं मारली आहेत, आणि हे मी एक डॉक्टर म्हणून मान खाली घालून कबूल करते. पोटातला अल्सर वर्षानुवर्षं ताणतणावाच्या खात्यावर मांडला गेला. १९८२मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू वाढवून दाखवला आणि २००५मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. एलियट स्लेटर या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने 'हिस्टेरिया' असं निदान झालेल्या ८५ पेशंटांचा नऊ वर्षांनी माग काढला आणि १९६५मध्ये तो प्रसिद्ध केला. अनेकांना नंतर शारीरिक आजार निघाला होता, काही दगावलेही होते. हे निदान म्हणजे अज्ञानावर घातलेला बुरखा आहे, असं त्याने लिहिलं. मग आज एखाद्या बाईची डोकेदुखी 'हेल्थ अँक्झायटी' म्हणून बाजूला टाकली आणि उद्या गाठ निघाली तर?

पण स्लेटरच्या पेशंटांच्या बाबतीत चूक कुठे झाली होती? 'काही सापडत नाही' एवढ्यावरच निदान बेतलं गेलं, तिथे. पुढच्या काळात तपासण्या तर सुधारल्याच, शिवाय हातपाय लुळे पडणं, झटके येणं अशा लक्षणांचं निदान त्यांच्या स्वतःच्या खुणा पाहून करण्यावर भर वाढला. अशा निदानांचा २००५मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा निदान चुकल्याचं प्रमाण १९७०नंतर सुमारे चार टक्क्यांवर आलेलं दिसलं. इतर आजारांच्या निदानातही डॉक्टर यापेक्षा फार अचूक नसतात. म्हणजे स्लेटरचा इशारा माझ्या बाजूनेच साक्ष देतो. वजाबाकीने निदान करू नका, खुणा शोधा.

हेल्थ अँक्झायटीच्या खुणा आरशाच्या खुणांसारख्याच असतात, फक्त आरशाच्या जागी नाडी, गाठी चाचपणं आणि सर्च असतो. माणूस दिवसातून वीस वेळा मानेतली गाठ दाबून बघतो, आणि दाबून दाबून ती खरंच दुखायला लागते. हा आमच्या शास्त्रातला एक कडू विनोद. रिपोर्ट नॉर्मल आला की दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी प्रश्न येतो, "लॅबची चूक झाली असेल तर?" काहीजण उलट वागतात. दवाखान्याचा रस्ता टाळतात, शेजारच्या आजारपणाची बातमीही ऐकत नाहीत. त्यांना आपण 'निर्धास्त' समजतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण सगळ्यांना पाठ आहे, पण तो राक्षस दर वेळी धीराच्या शब्दांवर पोसला जातो, हे तिच्यात नाही. पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरिक या संशोधकांनी १९८६मध्ये हेच मांडलं: पुन्हा पुन्हा धीर देणं हे ओसीडीतल्या, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती करायला लावणाऱ्या आजारातल्या, पुन्हा पुन्हा हात धुण्यासारखं काम करतं. क्षणभर आराम पडतो आणि ओढ वाढते. गंभीर आजाराची शक्यता मुळात कमी असताना केलेल्या तपासण्यांनी पेशंटची काळजी जवळजवळ हटत नाही, हे चौदा चाचण्यांच्या २०१३मधल्या एकत्रित आढाव्यातही दिसलं. "तुमच्या समाधानासाठी एक एमआरआय करून टाकू" हे वाक्य मीही वापरलंय. समाधान कोणाचं झालं? बहुतेक वेळा माझं.

तरीही दुसऱ्या आक्षेपातला एक काटा उरतोच आणि तो उरायलाच हवा. लांडगा आला रे आला ओरडणाऱ्या मुलाच्या गोष्टीत शेवटी लांडगा खरंच येतो. हेल्थ अँक्झायटीचं गंभीर रूप असलेल्या लोकांचा स्वीडनमधल्या नोंदींवरून अभ्यास झाला, तो २०२३च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. ही माणसं इतरांपेक्षा सरासरी पाच वर्षं लवकर गेली होती. आत्महत्येचं प्रमाण सुमारे चौपट होतं, आणि नैसर्गिक कारणांनी होणारे मृत्यूही जास्त होते. म्हणजे ज्यांना आपण 'याला काही होत नाही, शंभर वर्षं जगेल' असं हसत म्हणतो, तेच आधी जातात. म्हणून या निदानानंतर पेशंटच्या अंगाला हात लावणं थांबवायचं नसतं. मी अशा पेशंटला ठरलेल्या तारखा देते, सुरुवातीला दर तीन-चार आठवड्यांनी, लक्षण असो वा नसो. मध्ये फोन करून धीर मागायचा नाही, पण आल्यावर मी दर वेळी थोडक्यात का होईना तपासणार. नवी तपासणी कधी करायची हेही आधीच ठरवतो: वजन उतरलं, रक्त गेलं, ताप टिकला, तपासताना मला नवं काही हाताला लागलं, तर लगेच. भीती वाढली एवढ्या कारणाने नाही. घाबरलं तरच डॉक्टर भेटतो, हा हिशेब त्यामुळे मोडतो.

आता पाठवण्याबद्दल. मराठीत पाठवणी आणि बोळवण असे दोन शब्द आहेत आणि आमच्या बहुतेक चिठ्ठ्या दुसऱ्या प्रकारातल्या असतात. "सगळं नॉर्मल आहे, एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा." या एका वाक्यात पेशंटला तीन गोष्टी ऐकू येतात: तू खोटं बोलतोयस, तू वेडा आहेस, आणि आता माझ्याकडे येऊ नकोस. मग तो जात नाही याचं नवल का वाटावं? नवल वाटायचं तर काहीजण तरीही जातात याचं.

त्या मुलाला मी जे म्हणाले ते साधारण असं होतं. "नाक कसं दिसतं यावर तुझं-माझं एकमत होणार नाही, आणि त्यावर मी आता वाद घालणार नाही. पण दिवसाचे पाच तास यात जातात, क्लास सुटला आणि जगणं नको वाटतं, यावर आपलं एकमत आहे ना?" त्याने मान हलवली. "मग आपण त्या पाच तासांवर उपचार करू. या त्रासाला नाव आहे, तो बऱ्याच जणांना असतो आणि त्यावर काम करणारी माणसं आहेत." मग नाव सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं, कारण तो घरी जाऊन शोधणारच होता, निदान बरोबर शब्द शोधू दे. रूपाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, ना 'छान आहे', ना 'थोडंसं आहे'. 'थोडंसं आहे' हे सर्वांत घातक, कारण पेशंट ते पुरावा म्हणून जपून ठेवतो. "तुला भ्रम होतोय" हेही नाही. अनेकांची खात्री भ्रमाइतकीच पक्की असते आणि वादाने कुणाचाच भ्रम जात नाही. विशेष म्हणजे अशांनाही भ्रमावरच्या औषधांपेक्षा ओसीडीची औषधं, म्हणजे एसएसआरआय गटातली, आधी दिली जातात आणि ती लागू पडतात. डोस अनेकदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि फरक कळायला बारा आठवडे द्यावे लागतात. सोबत सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी थेरपी: आरशाचा वेळ हळूहळू आटवणं, टोपीशिवाय दिवसा बाहेर पडणं, चेहरा तुकड्यांत न बघता अख्खा बघायला शिकणं. हे मी त्याला आधीच सांगितलं, कारण चौथ्या आठवड्याला 'काही उपयोग नाही' म्हणून गोळ्या सोडणारे फार असतात.

सर्जरीच्या चिठ्ठीबद्दल मी सरळ नाही म्हटलं नाही. "आधी हा उपचार पूर्ण करू, मग तुला हवी असेल तर त्यावर पुन्हा बोलू" असं म्हटलं, आणि दोन आठवड्यांनंतरची माझ्याकडची तारीख त्याच्यासमोर वहीत लिहिली. मानसोपचारतज्ज्ञांसाठीची चिठ्ठी त्याला वाचून दाखवली. त्यात 'शारीरिक दोष नाही' हे वाक्य नव्हतं. किती तास जातात, काय सुटलं, मरणाचे विचार कितपत, आणि त्याला स्वतःला सगळ्यांत आधी काय परत हवंय, एवढंच होतं. ते परत हवं असलेलं म्हणजे क्लास. "गेलास तर क्लाससाठी जा, नाकासाठी नको" हे वाक्य त्याला पटलं असावं. लगेच गेला नाही, हेही सांगायला हवं. दोन तारखा हुकवल्या. तिसऱ्या वेळी बहिणीला घेऊन गेला.

राहिला वेळेचा आणि माणसांचा प्रश्न. वेटिंग रूममध्ये तीस जण बसलेले असताना हे कोण करणार? आणि पाठवायचं तरी कुणाकडे, तज्ज्ञ आहेत कुठे? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. त्या मुलाच्या तीन वायफळ भेटींत माझी पंचवीस मिनिटं गेली होती, चौथीत निदानाला पाच. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. इंग्लंडमध्ये हृदय, पोट, मेंदू अशा विभागांच्या बाह्यरुग्ण दवाखान्यांत झालेल्या २०१४मधल्या एका चाचणीत सुमारे पाचातल्या एका पेशंटला मोठी हेल्थ अँक्झायटी निघाली. तिथेच, त्याच इमारतीत, पाच ते दहा भेटींची थेरपी देऊन त्यांच्यात टिकाऊ फरक पडला, आणि थेरपी देणाऱ्यांत प्रशिक्षण घेतलेल्या साध्या नर्सही होत्या. म्हणजे दर वेळी दुसऱ्या दारी पाठवायलाच हवं असं नाही, ते दार आपल्याच दवाखान्यात उघडता येतं. पण त्यासाठी कुणीतरी प्रशिक्षण द्यावं लागतं, पगार द्यावा लागतो, आणि तिथे माझ्यासारख्या एकट्या डॉक्टरचं घोडं अडतं.

तो मुलगा परवा आला होता, सात महिन्यांनी. ताप आणि घसा. टोपी होती, पण मागे सरकवलेली. नाकाबद्दल तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. गोळ्या लिहून दिल्या, भरपूर पाणी पी म्हटलं. दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "पन्नास मिनिटं." मला क्षणभर कळलंच नाही कशाबद्दल बोलतोय.